उजवीकडं खाली दुखतंय: अपेंडिक्स की ओव्हरीला पीळ?

प्रश्न: माझी बहीण २० वर्षांची, लग्न झालेलं नाही. परवा संध्याकाळी अचानक उजव्या बाजूला ओटीपोटात जोराची कळ आली, दोन उलट्या झाल्या. इंजेक्शननं थांबलं, काल दुपारी परत तसंच. इथं खानापुरात डॉक्टर अपेंडिक्स वाटतंय म्हणाले. स्कॅनिंग केलं तर उजव्या ओव्हरीत ६ सेंमीची गाठ, अपेंडिक्स दिसला नाही, आणि डॉप्लरमध्ये रक्तपुरवठा आहे असं लिहिलंय. बेळगावचे सर्जन आजच ॲडमिट करा, दुर्बीण घालून बघू म्हणतात. आता दुखणं बरंच कमी आहे. रक्तपुरवठा आहे तर एवढी घाई कशाला? आणि अपेंडिक्स की ओव्हरी, हे पोट न उघडता ठरवता येत नाही काय?

उत्तर:

आजच ॲडमिट करा. बाकीचं सगळं खाली सावकाश सांगतो पण ते वाचत बसायच्या आधी गाडी काढा, खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे, वाटेत गाडीत वाचा. तिला आत्तापासून खायला प्यायला काही देऊ नका, चहा पण नको, कारण रात्री भूल द्यावी लागली तर पोट रिकामं पाहिजे. दुखायला लागलं तर जिथं आहात तिथल्या डॉक्टरकडनं दुखण्याचं इंजेक्शन घ्यायला हरकत नाही. पूर्वी आम्हीच सांगायचो की सर्जननं हात लावल्याशिवाय पेनकिलर देऊ नका, निदान झाकलं जातं म्हणून, पण ते आता मागं पडलंय. दुखणं कमी असलेलं पोट उलट नीट तपासता येतं.

मी जनरल सर्जन आहे, तीसेक वर्षं या भागात ऑपरेशनं करतोय, आणि उजवीकडं खाली दुखतंय म्हणून येणाऱ्या तरुण मुली हा माझ्या कामातला सगळ्यात फसवा पेशंट. पुरुषात तिथं दुखलं तर पहिला संशय अपेंडिक्सवर जातो आणि बहुतेक वेळा खरा ठरतो. बाईच्या पोटात त्याच जागेला हाताच्या चार बोटांच्या अंतरावर अपेंडिक्स पण आहे आणि उजवी ओव्हरी पण आहे, दोघी शेजारणी, आणि ओरडल्या तर भिंतीपलीकडनं कोण ओरडतंय ते कळत नाही.

म्हणून मी पहिल्यांदा दुखण्याची गोष्ट ऐकतो. रिपोर्ट नंतर बघतो.

अपेंडिक्सचं दुखणं चालत येतं. सुरुवातीला बेंबीभोवती, नाहीतर वर जठराजवळ, कसंतरी जड जड वाटतं, पेशंटला बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, सगळ्या पोटावर हात फिरवून दाखवतो. घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली, रात्री मिसळ खाल्ली होती. मग जेवावंसं वाटत नाही, मळमळ, एखादी उलटी. बारा ते चोवीस तासात ते दुखणं उजवीकडं खाली सरकतं आणि तिथं ठाण मांडून बसतं, आता एका बोटानं जागा दाखवता येते. असं का होतं तर अपेंडिक्स आतून फुगतं तेव्हा त्याच्या नसा बेंबीच्या पातळीची खबर देतात, आणि सूज बाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की ते अस्तर नेमकी जागा सांगतं. म्हणून मी नेहमी विचारतो, दुखणं आधी की उलटी आधी? अपेंडिक्समध्ये दुखणं आधी, उलटी मागनं. आणि दुसरं विचारतो, आत्ता तुझ्या आवडीचं काहीतरी गरमागरम समोर ठेवलं तर खाशील काय? लगेच हो म्हणाली तर मी अपेंडिक्सचा विचार थोडा मागं ढकलतो, सोडत मात्र नाही.

ओव्हरीला पीळ बसतो तेव्हाची गोष्ट वेगळी. ओव्हरी एका देठाला लटकलेली असते, त्या देठातनंच तिच्या रक्तवाहिन्या येतात. तिच्यात गाठ झाली, विशेषतः पाच सेंमीच्या वर, की ती जड होते आणि देठाभोवती फिरू शकते. उजवीकडं हे जास्त होतं कारण डावीकडं मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग जागा अडवून बसलेला असतो. फिरली की त्या क्षणी कळ येते, बेंबीपासनं चालत वगैरे नाही, थेट खाली आणि थेट जोरात, आणि उलटी त्याच्याबरोबरच. पेशंटला वेळ सांगता येते. "पाण्याचं कोडपान उचललं आणि लागलं", "कबड्डी खेळताना", "झोपेत कूस बदलली आणि जाग आली" असं ऐकलं की माझे कान टवकारतात. मग पीळ थोडा सुटतो, दुखणं थांबतं, परत बसतो, परत कळ. तुमच्या बहिणीचं परवा संध्याकाळ आणि काल दुपार हे मला असंच वाटतंय.

आता तुम्ही म्हणताय दुखणं कमी आहे. हे ऐकून घरचे निश्चिंत होतात आणि मी काळजीत पडतो. पीळ सुटल्यानं कमी झालं असेल तर गाठ अजून आत आहेच, उद्या परत फिरेल. इंजेक्शननं कमी झालं असेल तर ते इंजेक्शनचं काम. आणि समजा अपेंडिक्सच असेल तरी चांगलं दुखत असताना एकदम आराम पडणं म्हणजे कधीकधी ते फुटलेलं असतं, दाब गेला म्हणून दुखणं गेलं, मग काही तासात सगळं पोट लाकडासारखं घट्ट होतं. म्हणजे तिन्ही वाटांनी गेलात तरी "कमी आहे" याचा अर्थ "बरं आहे" असा निघत नाही.

तुमचा मुख्य प्रश्न डॉप्लरचा. रिपोर्टातल्या त्या एका ओळीनं आजवर कित्येक ओव्हऱ्या गेल्यात. ओव्हरीला रक्त दोन बाजूंनी येतं, एक वाहिनी वरनं पोटाच्या मोठ्या धमनीपासनं, दुसरी गर्भपिशवीच्या बाजूनं. पीळ बसला की आधी शिरा दबतात, कारण त्यांची भिंत पातळ. धमनीची भिंत जाड, ती शेवटपर्यंत रक्त ढकलत राहते. नळ चालू आणि मोरीचं भोक बंद असं समजा, पाणी येतंय पण जात नाही, मोरी तुंबते. ओव्हरी अशीच तुंबते, फुगते, काळीनिळी होते, आणि तरीसुद्धा डॉप्लरवर रंग दिसतो कारण रक्त येतंयच की. डॉप्लरमध्ये रक्त अजिबात नाही असं आलं तर पीळ जवळजवळ नक्की. पण रक्त आहे असं आलं म्हणजे पीळ नाही, असं उलटं वाचता येत नाही. तुमच्या सर्जननी ती ओळ वाचूनसुद्धा आजच या म्हटलं, म्हणजे त्यांना हे माहीत आहे.

त्या स्कॅनिंगमध्ये मी डॉप्लरपेक्षा दुसऱ्या गोष्टी बघतो. दोन्ही बाजूच्या ओव्हरीच्या मापात फरक किती? डावी तीन सेंमी आणि उजवी नुसत्या गाठीमुळं नाही तर सगळीच सुजून मोठी झालेली असेल तर संशय वाढतो. ओव्हरीतले छोटे छोटे बीजाचे फुगे कडेला ढकलले गेलेत का, मण्यांच्या माळेसारखे? देठाजवळ गोल गोल वेटोळं दिसतंय का, भोवऱ्यासारखं? ते दिसलं तर प्रश्नच मिटला, पण ते दाखवायला सोनोग्राफी करणारा हात आणि वेळ दोन्ही लागतं. प्रोब दाबला की नेमकं तिथंच दुखतंय का, हे पण विचारा, मशिनीपेक्षा पेशंटचं तोंड जास्त खरं बोलतं कधीकधी.

आणि "अपेंडिक्स दिसला नाही" याचा अर्थ अपेंडिक्स चांगला आहे असा नाही. तो आतड्याच्या मागं लपलेला असतो, गॅस आड येतो, जाड पोट असेल तर अजून अवघड. दिसला, सहा मिमीपेक्षा जाड आहे आणि दाबून दबत नाही, तर अपेंडिक्सला सूज आहे असं म्हणता येतं. संपूर्ण दिसला आणि बारीक, मऊ आहे तर सूज नाही म्हणता येतं. दिसलाच नाही तर तो प्रश्न जिथं होता तिथंच राहतो. अजून एक, लग्न न झालेल्या मुलीची तपासणी पोटावरनंच करतात, त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते, आणि एकीकडं आम्ही पाणी पिऊ नको सांगतो. तेव्हा सलाईन लावून पिशवी भरेपर्यंत थांबतात, त्यात तास जातो, तो वाया गेला म्हणून भांडू नका.

तपासणीत एक साधी गोष्ट आहे जी तुम्ही घरी, म्हणजे आत्ता गाडीतच करू शकता. खड्ड्यातनं, गतिरोधकावरनं गाडी गेली की तिला झटका बसून पोटात दुखतं का बघा. इंग्लंडमध्ये २०१२ साली डॉक्टरांनी अपेंडिक्सच्या संशयानं आलेल्या पेशंटना हाच प्रश्न विचारला, तर ज्या ३४ जणांचं अपेंडिक्स खरंच निघालं त्यातल्या ३३ जणांना गतिरोधकावर दुखलं होतं. आमच्या इथल्या रस्त्यावर ही तपासणी फुकट आणि वारंवार होते, जांबोटीकडनं येणाऱ्याला तर विचारायची गरजच नाही. पण मर्यादा लक्षात ठेवा, ज्यांचं अपेंडिक्स नव्हतं त्यातल्याही बऱ्याच जणांना दुखलं होतं. म्हणजे अजिबात दुखलं नाही तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते, दुखलं तर नवीन काही कळलं नाही.

आता एक पेशंट सांगतो, ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. भात रोपलावणीचे दिवस, १९ वर्षांची मुलगी, बी.कॉम.ला होती, सुट्टीत आईबरोबर शेतात. सकाळी नवाच्या सुमारास वाकून रोपं लावताना उठली आणि उजवीकडं खाली कळ, बांधावरच उलटी. आई म्हणाली बेंबी सरकली. गावातल्या एका म्हातारीनं तेल लावून पोट चोळून बेंबी बसवली आणि खरंच संध्याकाळपर्यंत आराम पडला, दोन घास जेवली पण. पहाटे चारला परत तेच, यावेळी जास्त. गावाजवळच्या डॉक्टरनी दुखण्याचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिकचं सलाईन दिलं, अपेंडिक्स वाटतंय, बेळगावला न्या म्हणाले. घरात पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत तो दिवस गेला, तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडं आली. आई दारातनंच म्हणाली, "लई दुखालंय हो डॉक्टर, काल थांबलं होतं की."

ताप ९९.४, नाडी १०४, बीपी व्यवस्थित. पांढऱ्या पेशी १३,२००. भूक गेलेली, उलट्या, उजवीकडं दाबल्यावर दुखणं. अपेंडिक्ससाठी आम्ही दहा मार्कांचा एक हिशेब लावतो, अल्वारादोचा, १९८६ पासूनचा. तिला भूक गेल्याचा १, उलटीचा १, उजवीकडं दुखण्याचे २, तापाचा १, पांढऱ्या पेशींचे २, असे ७ पडले. सात म्हणजे ऑपरेशनची तयारी करा. माझा असिस्टंट फॉर्म भरायलाच बसला होता.

मी तिला परत पहिल्यापासनं विचारलं. बेंबीजवळ दुखलं होतं काय? नाही, कधीच नाही. थेट खाली. वेळ? नऊ, कारण तेवढ्यात बांधावर चहा आला होता. मध्ये पूर्ण थांबलं होतं? हो, जेवले पण. अपेंडिक्सची सूज जेवणापुरती सुट्टी घेत नाही. मग हात लावला तर अपेंडिक्सची जी नेहमीची जागा, कमरेच्या पुढच्या हाडापासनं बेंबीकडं रेघ ओढली तर बाहेरच्या एक तृतीयांशावर, तिथं दुखत होतं पण जास्त दुखत होतं त्याच्या खाली, ओटीपोटात, आणि आत काहीतरी गोल असल्यासारखं बोटाला लागत होतं. त्या सात मार्कात हे कुठंच मोजलेलं नाही. तो हिशेब दुखणाऱ्या पोटाचा आहे, आत अजून एक अवयव आहे याची त्याला कल्पना नाही, म्हणून तरुण बायकांत तो उगीचच जास्त मार्क देतो.

स्कॅनिंगमध्ये उजवी ओव्हरी आठ बाय सहा सेंमी, आत साडेपाच सेंमीची डर्मॉइड गाठ, म्हणजे जिच्यात चरबी, केस असं काहीबाही असतं, जन्मापासूनच्या पेशींची, कॅन्सर नव्हे. डावी ओव्हरी तीन सेंमीची. थोडं पाणी साठलेलं. अपेंडिक्स दिसला नाही. डॉप्लर: कडेला रक्तप्रवाह आहे. अगदी तुमच्यासारखाच रिपोर्ट बघा.

रात्री नऊला दुर्बीण घातली. अपेंडिक्स सरळ, गुलाबी, निवांत. ओव्हरी अडीच वेढे फिरलेली, जांभळी-काळी, पिकलेल्या जांभळासारखी. उलटे वेढे देऊन सरळ केली आणि थांबलो. पंधरा मिनिटं नुसतं बघत बसलो, कडेनं थोडा रंग उजळला, पूर्ण नाही. गाठ त्या वेळी काढली नाही, कारण सुजलेल्या ओव्हरीत गाठ सोलायला गेलं की चांगला भाग पण फाटून येतो. सात आठवड्यांनी परत दुर्बिणीतनं गाठ तेवढी काढली, तोपर्यंत ती ओव्हरी गुलाबी झाली होती आणि स्कॅनिंगवर तिच्यात बीजाचे फुगे दिसत होते. मधल्या दिवसात परत कळ आली तर एक तासही थांबू नका असं बजावून ठेवलं होतं, कारण गाठ असेपर्यंत परत फिरायची भीती असतेच. काही सर्जन पहिल्याच वेळी गाठ काढतात, ओव्हरी फार सुजलेली नसेल तर ते बरोबरच आहे, डोळ्यासमोर दिसतंय त्यावर ठरतं.

काळी पडलेली ओव्हरी ठेवली हे ऐकून त्या मुलीचे मामा माझ्याशी भांडायला आले होते, सडलेलं आत ठेवलं म्हणून. आमची पिढी शिकली तेव्हा हेच शिकवलेलं, काळी म्हणजे मेली, काढून टाका, पीळ सोडवला तर गुठळी वर सरकते अशी भीती घालायचे. ती भीती खरी निघाली नाही आणि काळ्या दिसणाऱ्या बहुतेक ओव्हऱ्या पुढं नीट काम करतात हे आता माहीत आहे. तो काळा रंग तुंबलेल्या रक्ताचा असतो, मेलेल्या मांसाचाच असतो असं नाही. म्हणून ऑपरेशनच्या सहीच्या वेळी तुम्ही सरळ विचारा: पीळ निघाला तर ओव्हरी ठेवणार ना? गायनॅक डॉक्टर ऑपरेशनला आहेत ना किंवा फोनवर बोलावलं तर येणार ना? असं विचारणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे, मला कोणी विचारलं की मला बरंच वाटतं.

हे मी एवढं का सांगतो त्याला कारण आहे. मी नवीन असताना, दुसऱ्या गावात, एका लहान हॉस्पिटलमध्ये, अशाच एका मुलीला अपेंडिक्स म्हणून उघडलं. त्या वेळी दुर्बीण नव्हती, उजवीकडं दोन इंचाची चीर. अपेंडिक्स बघितलं तर चांगलं होतं. थोडं लालसर आहे असं स्वतःला समजावलं, काढलं, टाके घातले. त्या दोन इंचातनं बोट खाली घालून ओव्हरी चाचपायची हे मला माहीत होतं, घातलं नाही, बाहेर अजून तीन पेशंट होते. तीन दिवसांनी ती परत उलट्या करत आली आणि दुसऱ्या सर्जननं ओव्हरी काढली, ती काढावीच लागली. चूक माझी होती. तेव्हापासनं अपेंडिक्स चांगला निघाला तर मी कारण सापडेपर्यंत बाहेर येत नाही. ओव्हरी दोन्ही, नळ्या, लहान आतड्याचे शेवटचे दोन-तीन फूट, सगळं बघतो. दुर्बिणीचा खरा फायदा टाके लहान राहतात हा नाहीच, एका भोकातनं सगळं पोट दिसतं हा आहे. तुमच्या सर्जननी दुर्बीण म्हटलं ते त्यासाठीच, आधी ठरत नसेल तर बघून ठरवायचं आणि तिथंच दुरुस्त करायचं.

आधी सीटी करून ठरवता येईल काय? अपेंडिक्ससाठी सीटी फार चांगली, ओव्हरीच्या पिळासाठी तेवढी खात्रीची नाही, आणि २० वर्षांच्या मुलीच्या ओव्हरीवर किरण कशाला घालायचे असाही विचार असतो. गाठ नसती, गोष्ट गोंधळाची असती तर मी सीटीकडं गेलो असतो. इथं गोष्ट आणि गाठ दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत, सीटीला रांगेत थांबून दोन तास घालवण्यापेक्षा ते दोन तास ओव्हरीला द्यावेत असं माझं मत.

एक नाजूक गोष्ट. दवाखान्यात तिची लघवी प्रेग्नन्सी टेस्टला घेतील, आणि डॉक्टर तुम्हाला पाच मिनिटं बाहेर बसा म्हणतील. राग मानू नका. पाळी येणाऱ्या वयातल्या प्रत्येक बाईची ही टेस्ट आम्ही करतो, लग्न झालेलं असो नसो, मंगळसूत्र बघून ठरवत नाही. कारण गर्भ नळीत राहिला आणि नळी फुटली तर अगदी इथंच दुखतं, चक्कर येते, कधी खांद्यात दुखतं, आणि पोटातल्या पोटात रक्त जाऊन बाई दगावू शकते. पाच मिनिटांची पट्टी आहे, ती न केल्यानं झालेली फजिती मी दुसऱ्यांची बघितलीय. एक काका माझ्यावर ओरडले होते, आमच्या मुलीवर संशय घेता काय म्हणून. मी म्हटलं, काका, मी अपेंडिक्सवर पण संशयच घेतोय.

शेवटची पाळी कधी आली ती तारीख तिला विचारून ठेवा, ती तारीख मला अर्ध्या रिपोर्टाएवढी उपयोगी पडते. पाळी सुरू झाल्यापासनं चौदाव्या-पंधराव्या दिवशी अचानक एका बाजूला दुखून एक-दोन दिवसात आपोआप जाणारं दुखणं बीज बाहेर पडताना होतं, त्याला काही करावं लागत नाही. पाळी यायच्या आठ-दहा दिवस आधी दुखलं आणि ओव्हरीच्या गाठीत जाळीजाळीसारखं रक्त दिसलं तर ती रक्ताची गाठ असते, तिथं आम्ही घाई करत नाही. नाडी, बीपी, हिमोग्लोबिन चार-सहा तासांनी परत बघतो, नाडी चढत नसेल आणि बीपी, हिमोग्लोबिन उतरत नसेल तर दुखण्याचं औषध देऊन दीड-दोन महिन्यांनी परत स्कॅनिंग करतो, बहुतेक वेळा गाठ विरून गेलेली असते. म्हणजे ओव्हरीतली गाठ म्हणजे ऑपरेशन असं नाहीच. तुमच्या बाबतीत मला घाई वाटते ती नुसत्या ६ सेंमीच्या गाठीमुळं नाही, गाठ आणि त्याच्याबरोबर येऊन-जाऊन येणारी, उलटीसकट कळ यामुळं. गाठीत काय दिसलं हे रिपोर्टात नीट लिहिलंय काय बघा, चरबी, केस, जाळी, पातळ पाणी, आणि ती पानं तशीच्या तशी सर्जनला दाखवा, फोनवरचा एक फोटो नव्हे. स्कॅनिंगची फिल्म पण न्या. गावात कुठलं इंजेक्शन, किती वाजता दिलं ती चिठ्ठी पण न्या, विशेषतः अँटिबायोटिक दिलं असेल तर, कारण त्यानं अपेंडिक्सचा ताप आणि पेशी दोन-तीन दिवस दबून राहतात आणि आम्हाला पोट खोटं शांत वाटतं.

पोटाला तेल लावून चोळणं, शेक देणं, एरंडेल पाजणं, हे आज कोणी करायला लागलं तर थांबवा. अपेंडिक्स असेल तर फुटेल, पीळ असेल तर चोळण्यानं सुटेलच असं नाही, अजून एक वेढा बसेल.

आता राहिला शेवटचा, जो तुम्ही विचारला नाही पण आई विचारणार: पुढं लग्नाला, मुलंबाळं व्हायला काही अडचण? वेळेत सोडवलं तर दोन्ही ओव्हऱ्या राहतात. समजा एक गेलीच तरी दुसरी चांगली असेल तर पाळी येते, मूल पण राहतं. दुर्बिणीचे व्रण बेंबीत आणि खाली दोन, अर्धा-एक सेंमीचे. आणि किती तासात सोडवलं तर ओव्हरी वाचते याला ठराविक आकडा नाही, पीळ किती घट्ट आणि मध्ये किती वेळा सुटला यावर आहे. त्या रोपलावणीच्या मुलीची तिसऱ्या दिवशी वाचली, कारण मध्ये मध्ये सुटत होता. माझ्या त्या जुन्या पेशंटची तीन दिवसांनी नाही वाचली. तुमच्या बहिणीचा परवापासनं धरला तर दुसरा दिवस संपत आलाय. पोचलात की कॅज्युअल्टीत "पोट दुखतंय" एवढंच सांगू नका, "ओव्हरीत गाठ आहे, पिळाचा संशय आहे, सर्जननी ॲडमिट करायला सांगितलंय" असं सांगा, रांगेत मागं बसवणार नाहीत.